१,३४० चा शेअर आणि ३,२१७ चा "रेझिस्टन्स": बोनस, स्प्लिट, डिव्हिडंडनंतर जुना चार्ट कसा वाचायचा

शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्स बंद झाला २,६५५.७० ला. सोमवारी २८ तारखेला बाजार उघडला तर भाव १,३४० च्या आसपास. कोणाचं काही बुडालं नव्हतं, कंपनीने एकाला एक बोनस दिला होता, म्हणजे ज्याच्याकडे दहा शेअर त्याचे वीस झाले आणि भाव अर्धा झाला. ही बातमी पेपरात येऊन गेली होती, पण दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकून हातात चार पैसे आलेले, नुकतंच डिमॅट उघडलेलं, आणि मोबाइलवर जो चार्ट दिसतो तोच खरा असं समजणारे आपल्याकडे बरेच आहेत. आमच्या आर्णीकडच्या एका कृषी केंद्रावर बसणाऱ्या पोराने त्याच आठवड्यात मला मोबाइल दाखवला, "भाऊ, रिलायन्स अर्ध्यावर आला ना, घेऊन टाकू काय? वर बत्तीसशेपर्यंत जागाच जागा हाये." त्याच्या ॲपच्या चार्टवर खरंच तसं दिसत होतं, वर ३,२१७ चं शिखर, मग एका रात्रीत सरळ खाली पडलेली रेघ आणि तळाशी १,३४०.

"अबे बाबू, बोनस झाला ना सोमवारी."

"मंग चार्टात काऊन नाही दिसत?"

प्रश्न बरोबर आहे. चार्टात दिसत नव्हतं कारण त्या ॲपने जुने भाव नव्या हिशोबात बदललेच नव्हते. असा चार्ट म्हणजे बाजार समितीच्या फळ्यावर कालपर्यंत तुरीचा भाव क्विंटलचा लिहिलेला आणि आजपासून पन्नास किलोचा, पण फळ्यावर कुठंच तसं सांगितलेलं नाही. त्या फळ्यावरून "तूर अर्ध्यावर आली" म्हणणारा माणूस आणि ३,२१७ ला टार्गेट धरणारा माणूस, दोघांची गाडी एकाच ठिकाणी फसते.

रिलायन्सचं हे शिखर ८ जुलै २०२४ चं, ३,२१७.६०. बोनसनंतरच्या हिशोबात ते १,६०८.८०. म्हणजे १,३४० वरून वर बघितलं तर शेअर शिखरापासून साधारण १७ टक्के खाली होता, जे मोठ्या शेअरमध्ये नेहमी होतं. पण कच्च्या चार्टवर, म्हणजे जुने भाव न बदललेल्या चार्टवर, तोच शेअर ५८ टक्के खाली दिसतो. एका आकड्यात "थोडा पडलाय, बघू" आणि दुसऱ्यात "लुटालूट सेल लागलाय", आणि माणूस पैसे टाकतो दुसरा आकडा बघून.

आता हे ओळखायचं कसं आणि नीट करायचं कसं ते पायरी-पायरीने सांगतो. कागद-पेन किंवा मोबाइलमधलं शीट जवळ ठेवा, गणित पाचवीच्या पोराचं आहे.

पायरी १: शेअरवर काय काय झालं ते आधी काढा

चार्ट उघडायच्या आधी एनएसईच्या वेबसाइटवर जा, तिथं Corporate Actions नावाचं पान आहे, त्यात शेअरचं चिन्ह टाकलं की यादी येते. तुम्हाला दोनच रकाने लागतात, एक Purpose आणि एक Ex-Date. Purpose मध्ये Bonus 1:1 किंवा Face Value Split असं काही लिहिलेलं असतं, किंवा Dividend आणि पुढे रुपये. बीएसईच्या साइटवरही हेच मिळतं.

एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर नव्या भावात चालतो तो दिवस. त्या दिवशी विकत घेणाऱ्याला बोनस किंवा डिव्हिडंड मिळत नाही, आदल्या ट्रेडिंग दिवशीपर्यंत घेतलेल्याला मिळतो. रेकॉर्ड डेट म्हणजे कंपनी शेअरधारकांची यादी पक्की करते तो दिवस. पूर्वी रेकॉर्ड डेट आणि एक्स-डेट वेगळ्या असायच्या, आता सेटलमेंट दुसऱ्या दिवशी होतं म्हणून बहुतेक वेळा दोन्ही एकच तारीख असते, सुट्टी मध्ये आली तर मात्र वेगळ्या पडतात. चार्टसाठी नेहमी एक्स-डेट धरायची. बोनस जाहीर झाल्याची तारीख, बोर्ड मीटिंगची तारीख, हे सगळं बातमीसाठी ठीक आहे, भाव त्या दिवशी अर्धा होत नाही.

पायरी २: फॅक्टर काढा, आणि इथं घाई करू नका

फॅक्टर म्हणजे जुन्या भावाला ज्या आकड्याने गुणायचं तो आकडा. स्प्लिट आणि बोनस दोन्हीत भाव कमी होतो पण दोघांचं प्रमाण वाचायची पद्धत वेगळी आहे, आणि नवीन माणूस नेमका इथंच घसरतो.

स्प्लिटमध्ये शेअरची फेस व्हॅल्यू, म्हणजे कागदावरची मूळ किंमत, तुटते. आयआरसीटीसीने २८ ऑक्टोबर २०२१ ला १० रुपये फेस व्हॅल्यूचा शेअर २ रुपयांचा केला, एका शेअरचे पाच झाले, लोक त्याला "१:५ स्प्लिट" म्हणतात. फॅक्टर २ भागिले १०, म्हणजे ०.२. त्या कंपनीचा आयपीओ २०१९ मध्ये ३२० रुपयांना आला होता, तो आजच्या हिशोबात ६४ रुपये.

बोनसमध्ये फेस व्हॅल्यू तशीच राहते, जादा शेअर मिळतात. "१:५ बोनस" म्हणजे तुमच्याकडच्या पाच शेअरवर एक नवीन. पाचाचे सहा झाले. फॅक्टर ५ भागिले ६, म्हणजे ०.८३ च्या आसपास. आता बघा, "१:५" हेच दोन आकडे, पण स्प्लिटमध्ये १,००० चा भाव २०० होतो आणि बोनसमध्ये ८३३. व्हॉट्सॲपवर नुसतं "१:५ आलाय रे" असं फॉरवर्ड आलं तर त्यावरून काहीच कळत नाही, Purpose चा रकाना बघावाच लागतो.

```
Split :  factor = new_FV / old_FV
Bonus a:b :  factor = b / (a + b)
Dividend :  factor = (P - D) / P
```

तिसऱ्या ओळीत P म्हणजे एक्स-डेटच्या आदल्या ट्रेडिंग दिवसाचा बंद भाव आणि D म्हणजे शेअरमागे डिव्हिडंड, रुपयांत. डिव्हिडंड कधी कधी टक्क्यांत जाहीर होतो, तो टक्का फेस व्हॅल्यूचा असतो, बाजारभावाचा नाही. २ रुपये फेस व्हॅल्यूवर ५०० टक्के डिव्हिडंड म्हणजे १० रुपये. पाचशे टक्के ऐकून कोणी उडी मारली तर त्याला आधी फेस व्हॅल्यू विचारा.

एका शेअरवर दोन-तीन वेळा काही झालं असेल तर फॅक्टर एकमेकांना गुणायचे. रिलायन्सने सप्टेंबर २०१७ मध्येसुद्धा १:१ बोनस दिला होता. म्हणजे त्याच्या आधीचा कुठलाही भाव आज बघायचा तर ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. तेव्हा शेअर १,६०० च्या वर होता, तो आज ४०० च्या वर धरायचा. कोणी जुना माणूस म्हणाला की "मी सोळाशेला घेतला होता, अजून तेराशेवरच आहे", तर त्याने काही विकलं नसेल तर तो तोट्यात नाही, त्याचे पैसे तिपटीहून जास्त झालेत.

पायरी ३: तुमचा चार्ट कच्चा आहे का पक्का, ते एका मेणबत्तीवर तपासा

कुठल्याही ॲपवर विश्वास ठेवायच्या आधी ही एक मिनिटाची चाचणी करा. रिलायन्सचा डेली चार्ट उघडा, २५ ऑक्टोबर २०२४ च्या कँडलवर, म्हणजे त्या दिवसाच्या उभ्या पट्टीवर, बोट ठेवा. बंद भाव १,३२७.८५ दाखवत असेल तर चार्ट बोनससाठी ॲडजस्ट केलेला आहे. २,६५५.७० दाखवत असेल तर कच्चा आहे. दोन्हीपेक्षा थोडा कमी, म्हणजे १,३२७ च्या जरासा खाली दाखवत असेल तर तो डिव्हिडंडसाठीसुद्धा ॲडजस्ट केलेला आहे, त्याचं पुढे सांगतो.

एका शेअरवर चाचणी पास झाली म्हणून सगळ्या शेअरवर झाली असं समजू नका. मोठ्या शेअरचा डेटा लवकर दुरुस्त होतो, छोट्या कंपन्यांचा बऱ्याचदा राहून जातो, आणि बोनस झाल्याच्या पहिल्या दोन-चार दिवसांत तर चांगल्या ॲपवरही अर्धा चार्ट जुना अर्धा नवा असं दिसू शकतं. काही ठिकाणी डेली चार्ट दुरुस्त असतो आणि पंधरा मिनिटांचा तसाच राहतो. ज्या शेअरमध्ये पैसे टाकायचे त्याच शेअरची एक्स-डेट उघडून बघायची, दुसरा उपाय नाही.

एनएसईची रोजची भावकॉपी कोणी डाउनलोड करून जपून ठेवत असेल तर लक्षात ठेवा, त्यात त्या त्या दिवशी जो भाव होता तोच असतो, पुढे बोनस झाला म्हणून मागच्या फाइली कोणी बदलत नाही. ती दुरुस्ती आपणच करायची. शीटमध्ये A रकान्यात तारीख, B मध्ये बंद भाव, C मध्ये व्हॉल्यूम असेल तर रिलायन्सच्या सप्टेंबर २०१७ नंतरच्या भावांच्या बोनससाठी एवढं पुरतं:

```
=IF(A2<DATE(2024,10,28), B2*0.5, B2)
=IF(A2<DATE(2024,10,28), C2/0.5, C2)
```

दुसरी ओळ विसरू नका. भाव गुणायचा, व्हॉल्यूम भागायचा, कारण जुने दहा लाख शेअर म्हणजे आजचे वीस लाख. नाहीतर बोनसनंतर अचानक "डबल व्हॉल्यूम आला, मोठे लोक घुसले" असं वाटतं, आणि ते मोठे लोक म्हणजे आपलाच भागाकार राहिलेला असतो.

कच्च्या चार्टवर खोट्या लेव्हल कशा तयार होतात

लेव्हल म्हणजे ज्या भावाजवळ लोक विकायला किंवा घ्यायला बसलेले असतात ती जागा, वरची रेझिस्टन्स आणि खालची सपोर्ट. सगळ्यात सोपी खोटी लेव्हल म्हणजे वर सांगितलेलं शिखर. ३,२१७ ला विकणारा माणूस बोनसनंतर १,६०८ ला विकायला बसलेला होता, ३,२१७ ला कोणीच बसलेलं नव्हतं. "बावन्न आठवड्यांचा उच्चांक" या रकान्यात जुना आकडा राहून गेला असेल तर तोही असाच फसवतो.

दुसरी फसवणूक आहे त्या रात्रीच्या पोकळीची. २,६५५ आणि १,३४० यांच्यामध्ये कच्च्या चार्टवर मोठा गॅप दिसतो, आणि आपल्याकडे "गॅप भरतोच" हे वाक्य लोकांना अभंगासारखं पाठ आहे. हा गॅप कधी पडलाच नाही तर भरणार काय? सोमवारी भाव १,३४० च्या आसपास उघडला, शुक्रवारच्या १,३२७.८५ च्या मानाने तो तर जरा वरच उघडला होता. कच्च्या चार्टवर जो दिवस पन्नास टक्के पडल्याचा दिसतो तो खरा हिरवा उघडलेला दिवस होता.

तिसरी लवकर दिसत नाही आणि सगळ्यात जास्त दिवस टिकते, ती म्हणजे मूव्हिंग ॲव्हरेज. समजा एका शेअरचा भाव बोनसआधीच्या १८० दिवसांत सरासरी २,९०० होता आणि बोनसनंतरच्या २० दिवसांत १,३००. कच्च्या डेटावर २०० दिवसांची सरासरी काढली तर

```
(180*2900 + 20*1300) / 200 = 2740
(180*1450 + 20*1300) / 200 = 1435
```

वरची ओळ कच्ची, खालची दुरुस्त. भाव १,३०० आणि सरासरी २,७४० म्हणजे शेअर मेल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो सरासरीपासून दहाएक टक्केच खाली आहे. आणि ही चूक दुसऱ्या दिवशी जात नाही, जुने भाव एक एक करून बाहेर पडेपर्यंत २०० ट्रेडिंग दिवस लागतात, म्हणजे जवळपास दहा महिने तुमची २०० ची रेघ खोटं बोलत राहते. ५० ची रेघ लवकर खाली येते, २०० ची हळू, त्यामुळे मध्येच ५० ने २०० ला वरून खाली कापलं असं दिसतं आणि लोक "डेथ क्रॉस झाला" म्हणून पोस्ट टाकतात. आरएसआय, बोलिंजर वगैरे सगळ्यांचं हेच, जे मागच्या भावावर चालतं ते सगळं बिघडतं.

पण याचं उलटंही होतं, म्हणून प्रत्येक मोठी पडझड "स्प्लिट असेल" म्हणून सोडून देऊ नका. आयआरसीटीसीचंच घ्या, २८ ऑक्टोबर २०२१ ला स्प्लिट झाला, त्याच संध्याकाळी कंपनीने कळवलं की रेल्वे मंत्रालय कन्व्हिनियन्स फीमधला अर्धा वाटा घेणार, आणि २९ तारखेला सकाळीच शेअर वीस टक्क्यांच्या वर कोसळला. नंतर मंत्रालयाने निर्णय मागे घेतला आणि भाव बराचसा सावरला. ही पडझड शंभर टक्के खरी होती. ज्याने एक्स-डेट तपासली त्याला कळलं की स्प्लिट कालच होऊन गेला, आज काहीतरी वेगळं आहे. स्प्लिट-बोनसनंतरचा भाव हा नेहमी जुन्या भावाच्या ठरलेल्या अपूर्णांकाच्या जवळ असतो, अर्धा, एक पंचमांश, पाच षष्ठांश, आणि ती घसरण एक्स-डेटलाच, बाजार उघडतानाच होते. दुपारी दोन वाजता हळूहळू पडत गेलेला भाव बोनसमुळे पडत नाही.

पायरी ४: स्वतःची वही आणि अलर्ट दुरुस्त करा

ॲपने चार्ट दुरुस्त केला तरी तुमची वही कोण दुरुस्त करणार? जो माणूस शिस्तीने लेव्हल लिहून ठेवतो त्यालाच याचा त्रास जास्त, कारण त्याच्याकडे लिहिलेलं असतं "३,००० तुटला तर बाहेर". तो ३,००० आता १,५०० आहे. एक्स-डेट आली की त्या शेअरच्या पानावर जाऊन प्रत्येक आकडा फॅक्टरने गुणायचा, खरेदीचा भाव, स्टॉपलॉस, टार्गेट, सगळं, आणि शेजारी फॅक्टर आणि तारीख लिहायची म्हणजे सहा महिन्यांनी डबल गुणलं जात नाही. जुना आकडा खोडायचा नाही, त्याच्यावर एक रेघ मारून नवा लिहायचा.

चार्टवर हाताने ओढलेल्या रेघा बऱ्याच ॲपमध्ये जुन्याच भावावर अडकून राहतात, त्या पुसून नव्याने ओढा. किमतीचे अलर्ट तसेच. जीटीटी ऑर्डर, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप सुटणारी ऑर्डर, लावलेली असेल तर एक्स-डेटच्या आदल्या दिवशी ब्रोकरच्या ॲपमध्ये जाऊन बघा, बऱ्याच ब्रोकरकडे बोनस-स्प्लिट आला की ती आपोआप रद्द होते, म्हणजे तुम्हाला वाटतं स्टॉपलॉस लावलेला आहे आणि तिथं काहीच नसतं. नव्या भावाने पुन्हा लावावी लागते.

पोर्टफोलिओत एक गंमत होते. एक्स-डेटला भाव अर्धा होतो पण बोनसचे शेअर लगेच जमा झालेले नसतात, त्यामुळे एक-दोन दिवस, पूर्वी तर दोन आठवडेसुद्धा, पोर्टफोलिओ लाल भडक दिसतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून जाहीर होणाऱ्या बोनससाठी सेबीने नियम केलाय की रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या ट्रेडिंग दिवसापासून ते शेअर विकता आले पाहिजेत, त्यामुळे आता हा काळ छोटा झालाय. त्या दोन दिवसांत घाबरून विकू नका एवढंच.

आणि जुने व्हिडिओ, जुने स्क्रीनशॉट! २०२४ च्या जुलैमधला कोणाचा तरी व्हिडिओ आज बघून "सरांनी ३,००० चा सपोर्ट सांगितला" म्हणणारे लोक आहेत. सर बरोबर असतील, तारीख बघा, आणि मधे एक्स-डेट आली असेल तर अर्धं करा.

पायरी ५: डिव्हिडंडचा प्रश्न, इथं उत्तर उलटं आहे

आतापर्यंत मी म्हणत आलो की ॲडजस्ट केलेला चार्ट चांगला आणि कच्चा वाईट. डिव्हिडंडमध्ये हे असं सरळ राहत नाही, आणि माझ्या मते नवीन लोकांच्या जास्त चुका इथं होतात कारण ही चूक डोळ्याला दिसत नाही, मोठा गॅप वगैरे काही नसतो.

स्प्लिट-बोनसमध्ये तुमच्या खिशात बाहेरून काही येत नाही, फक्त तुकडे वाढतात. डिव्हिडंडमध्ये कंपनीतून खरे पैसे निघून तुमच्या बँकेत येतात, आणि एक्स-डेटला भाव साधारण तेवढा खाली उघडतो. ही घसरण खरी आहे, बाजारात लोकांनी खरंच त्या खालच्या भावाने सौदे केलेत. डिव्हिडंड ॲडजस्ट करणारा चार्ट ही घसरण लपवण्यासाठी मागचे सगळे भाव थोडे थोडे खाली ओढतो. शेअरने एकूण किती कमावून दिलं ते बघायला हे बरोबर आहे. पण जुनं शिखर कुठं होतं ते बघायला हे चूक आहे, कारण त्या ओढलेल्या भावाला कोणी कधी शेअर घेतलाच नव्हता.

यासाठी कोल इंडियापेक्षा चांगलं उदाहरण नाही, आणि वणी, बल्लारपूर, उमरेडच्या लोकांना ही कंपनी सांगावी लागत नाही, आपल्या डब्ल्यूसीएलची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सची, मालकीण तीच. २०१० मध्ये २४५ रुपयांना आयपीओ आला. ऑगस्ट २०१५ मध्ये भाव ४४७.१० पर्यंत गेला आणि मग अनेक वर्षं तिकडे फिरकलाच नाही. २०२४ च्या सुरुवातीला तो ते शिखर ओलांडून गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ५४३.५५ पर्यंत पोचला. साध्या चार्टवर गोष्ट स्वच्छ आहे, ४४७ ही साडेआठ वर्षं जुनी भिंत, तिच्याजवळ जुने अडकलेले लोक विकायला बसलेले, आणि ती तुटली २०२४ मध्ये.

आता तोच शेअर डिव्हिडंड ॲडजस्ट करून बघा. मधल्या वर्षांत कंपनीने शेअरमागे दीडशेच्या वर रुपये डिव्हिडंड वाटले, एकट्या २०२२-२३ च्या वर्षाचे २४ रुपये २५ पैसे. भाव दीड-दोनशेवर पडलेला असताना दिलेला डिव्हिडंड टक्क्यांत मोठा बसतो, आणि फॅक्टर टक्क्यांवरच चालतो, म्हणून सगळे फॅक्टर गुणत गेलं की २०१५ चं ते ४४७ चं शिखर चार्टवर अडीचशेच्याही खाली दिसतं. म्हणजे २०२४ मधला ब्रेकआउट चार्टवरून गायबच, त्याच्या कितीतरी आधीच "शिखर तुटलं" असं दिसतं. आणि कोणी त्या खालच्या आकड्याला सपोर्ट म्हणून ऑर्डर लावली तर त्या जागी २०१५ चा कोणताही माणूस उभा नाही.

अजून एक त्रास म्हणजे हे आकडे स्थिर राहत नाहीत. पुढचा डिव्हिडंड आला की मागचे सगळे भाव पुन्हा थोडे खाली सरकतात. तुम्ही वहीत आज लिहिलेली लेव्हल तीन महिन्यांनी चार्टवर त्या जागी नसते, आणि तुम्हाला वाटतं आपण लिहिताना चुकलो.

म्हणून माझी पद्धत अशी: लेव्हल, ट्रेंडलाइन, ब्रेकआउट बघायचा तर स्प्लिट आणि बोनस ॲडजस्ट चालू, डिव्हिडंड ॲडजस्ट बंद. दहा वर्षांत एफडीपेक्षा जास्त मिळालं का हे बघायचं तर डिव्हिडंड ॲडजस्ट चालू. ट्रेडिंगव्ह्यूवर चार्टच्या खाली उजवीकडे ADJ असं छोटं बटण असतं, ते डिव्हिडंडचंच आहे, चुकून बोट लागून चालू झालं की सगळ्या लेव्हल हलतात, म्हणून आधी ते बघा. याहू फायनान्सच्या जुन्या भावांच्या तक्त्यात Close आणि Adj Close असे दोन रकाने दिसतील, Close मध्ये स्प्लिटची दुरुस्ती असते, Adj Close मध्ये डिव्हिडंडचीसुद्धा. लेव्हलसाठी पहिला, परताव्यासाठी दुसरा. रिलायन्ससारख्या शेअरमध्ये फरक नखाएवढा पडतो, त्याने ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेला डिव्हिडंड १० रुपये होता आणि भाव २,९०० च्या पुढे, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. कोल इंडिया, वेदांता, हिंदुस्तान झिंक अशा डिव्हिडंड वाटणाऱ्या कंपन्यांत मात्र चार्टचा चेहराच बदलतो.

डिव्हिडंड आणि स्प्लिट एकत्र आले की अजून एक सापळा. टाटा स्टीलने जून २०२२ मध्ये शेअरमागे ५१ रुपये डिव्हिडंड दिला, आणि पुढच्याच महिन्यात, २८ जुलैला, शेअर १० चा १ रुपया फेस व्हॅल्यूचा केला, भाव साडेनऊशेच्या आसपासून पंच्याण्णवच्या आसपास आला. डिव्हिडंडच्या जुन्या यादीत ५१ च लिहिलेलं असेल आणि शेजारी भाव शंभराचा दिसत असेल तर माणूस म्हणतो "अरे, अर्धे पैसे तर डिव्हिडंडमध्येच परत!" तो ५१ आजच्या हिशोबात ५ रुपये १० पैसे आहे. डिव्हिडंडलाही स्प्लिटचा फॅक्टर लावावा लागतो हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

जे गणित इतकं सोपं बसत नाही

पक्क्या चार्टचीही एक मर्यादा आहे. गोल आकड्यांवर लोक ऑर्डर लावतात, ३,००० वर लावल्या होत्या. आज तोच भाव १,५०० दिसतो, योगायोगाने तोही गोल आहे. पण १:२ बोनस झाला असता तर ३,००० चा २,००० झाला असता आणि २,५०० चा १,६६६.६७, आणि त्या आकड्यावर लोक का थांबले होते हे चार्ट बघून कधीच कळलं नसतं. जुन्या लेव्हलचं कारण शोधायचं असेल तर कधी कधी फॅक्टरने उलटा भागाकार करून त्या वेळचा खरा भाव काढून बघावा.

डिमर्जर, म्हणजे एका कंपनीतून दुसरी कंपनी वेगळी काढणं, हा वेगळा प्रकार, तिथं ठरलेलं प्रमाण नसतं, बाजारच ठरवतो. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा १९ जुलै २०२३ चा बंद भाव २,८४१.८५ होता, २० तारखेला सकाळी खास सत्रात रिलायन्सचा भाव २,५८० निघाला, आणि उरलेले २६१.८५ रुपये नव्या कंपनीचे धरले गेले. फॅक्टर २,५८० भागिले २,८४१.८५, म्हणजे ०.९०८ च्या आसपास. काही चार्टवाले हा लावतात, काही लावत नाहीत, आणि बोनसची चाचणी पास झालेला चार्टही इथं नापास होऊ शकतो. त्यामुळे रिलायन्सच्या जुलै २०२३ च्या आधीच्या लेव्हल बघणार असाल तर १९ जुलैच्या कँडलवर बोट ठेवा. बोनसच्या हिशोबात तिथं १,४२१ च्या आसपास दिसलं तर डिमर्जर लावलेलं नाही, १,२९० च्या आसपास दिसलं तर लावलंय. लावलेलं नसेल तर १,४२१ आणि १,२९० मधला तो गॅप धरून ट्रेड आखू नका, तेवढे पैसे जिओ फायनान्शियलच्या शेअरच्या रूपात लोकांच्या डिमॅटमध्ये गेलेत.